घटक ४ : पाहुणा वक्ता म्हणून प्रस्तावपत्र – पॉडकास्ट आणि वेबिनारसाठी

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• अर्ज आणि प्रस्तावपत्र यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• आपल्या विषयासाठी योग्य पॉडकास्ट वा वेबिनार कसा निवडावा, हे सांगता येईल.
• प्रस्तावपत्राच्या मसुद्यातील दोष ओळखून तो सुधारता येईल.
• कार्यक्रमानंतर मिळालेल्या प्रतिसादावरून कोणता टप्पा चुकला, याचे निदान करता येईल.

४.१ प्रास्ताविक

अर्जलेखनाचा परिचय आपल्याला आहेच. अर्ज हा दोन पक्षांमधला व्यवहार असतो. एक मागतो आणि दुसरा देतो किंवा नाकारतो. या घटकात आपण ज्या पत्राचा विचार करणार आहोत, ते वरवर अर्जासारखेच दिसते. ‘आपल्या कार्यक्रमात मला पाहुणा वक्ता म्हणून बोलवावे’ अशी विनंती त्यात असते. परंतु येथे एक तिसरा पक्षही असतो आणि तो पत्रव्यवहारात कोठेच दिसत नाही. तो म्हणजे श्रोता. सूत्रसंचालक पत्र वाचतो ते श्रोत्याच्या वतीने. म्हणून हे पत्र ‘मी कोण आहे’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ‘तुमच्या श्रोत्याला काय मिळेल’ या प्रश्नाचे उत्तर देते. या घटकातील सर्व विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

आरंभी दोन संज्ञा पाहू. पॉडकास्ट म्हणजे भागाभागांनी प्रसिद्ध होणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. तो श्रोता आपल्या सवडीने ऐकतो. बहुधा प्रवासात, चालताना किंवा घरकाम करताना ऐकतो. वेबिनार म्हणजे ठरलेल्या दिवशी व वेळी इंटरनेटवर भरणारे चर्चासत्र. त्यासाठी आधी नोंदणी होते, कागदपत्रे पडद्यावर दाखवता येतात आणि श्रोत्यांचे प्रश्न तेथेच घेता येतात.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ उदाहरणाची पार्श्वभूमी

विवेचनासाठी आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातील एक सल्लागार महिला सहकारी गृहनिर्माण संस्थांना ‘डीम्ड कन्व्हेयन्स’, म्हणजेच मानीव अभिहस्तांतरण, या एकाच कामात साहाय्य करतात. गेल्या सहा वर्षांत त्यांनी चाळीस संस्थांचे काम केले आहे. नवे काम त्यांना आजवर ओळखीतून मिळत गेले. आता त्यांच्या उपनगरातील बहुतेक गरजू संस्था संपल्या आहेत.

त्यांच्या कामाचे स्वरूप थोडक्यात समजून घेऊ. सदनिका विकत घेतली म्हणजे इमारतीखालची जमीन आपोआप संस्थेच्या नावावर होत नाही. त्यासाठी विकासकाने संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण करून द्यावे लागते. महाराष्ट्रात १९६३ च्या सदनिका मालकीविषयक कायद्याने ही जबाबदारी विकासकावर टाकली आहे. अनेक जुन्या इमारतींच्या बाबतीत ती पार पाडली गेलेली नाही. अशा संस्थांसाठी २००८ पासून एक मार्ग उपलब्ध आहे. विकासकाने सहकार्य केले नाही, तरी संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करून एकतर्फी अभिहस्तांतरणाचा आदेश मिळवता येतो.

येथे एक पेच आहे. आपल्या संस्थेचे अभिहस्तांतरण झालेले नाही, हेच बहुसंख्य सभासदांना ठाऊक नसते. पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की ते उघड होते. ज्याला आपली अडचण माहीतच नाही, तो सल्लागाराचा शोध घेत नाही आणि त्यामुळे जाहिरातही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. परंतु तोच माणूस निवृत्तिवेतनाविषयी किंवा घराच्या मृत्युपत्राविषयी एखादा कार्यक्रम नियमित ऐकत असतो. त्याच्या विश्वासातल्या त्या कार्यक्रमात जाऊन बोलणे, हा त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा सरळ मार्ग होय.

४.२.२ कार्यक्रमाची निवड

सल्लागारांच्या समोर दोन पॉडकास्ट आहेत, असे समजा. एक नवउद्योजकांसाठी असून त्याचे वीस हजार श्रोते आहेत. ते बहुतांशी तरुण असून भाड्याच्या घरात राहतात. दुसरा निवृत्तांच्या घरगुती अर्थव्यवहारावर आहे. त्याचे श्रोते आठशेच आहेत. पण त्यांतील अनेक जण आपापल्या संस्थेच्या व्यवस्थापक समितीवर आहेत. दुसऱ्या कार्यक्रमातील एक श्रोता म्हणजे प्रत्यक्षात चाळीस-पन्नास कुटुंबांची एक संस्था असू शकते. निर्णय घेणारा माणूस जेथे ऐकतो, तो कार्यक्रम विशेष विषयाच्या सल्लागारासाठी मोठा होय.

निवड करण्यापूर्वी त्या कार्यक्रमाचे तीन भाग पूर्ण ऐकावेत. एक सर्वांत अलीकडचा, एक पाहुणा असलेला आणि एक आपल्या विषयाच्या जवळचा. ऐकताना चार गोष्टी टिपून ठेवाव्यात. कार्यक्रमात बाहेरचे पाहुणे मुळात येतात का? शेवटचा भाग केव्हा प्रसिद्ध झाला? अनेक पॉडकास्ट काही भागांनंतर बंद पडतात आणि बंद कार्यक्रमाला पाठवलेले पत्र वाया जाते. सूत्रसंचालक अनुभव विचारतो की कृतीचे टप्पे? आपला विषय पूर्वी होऊन गेला आहे का? झाला असेल, तर दार बंद झाले असे समजू नये. त्या भागात काय राहून गेले, तोच आपला विषय होऊ शकतो.

वेबिनारच्या बाबतीत आयोजक संस्था महत्त्वाची असते. गृहनिर्माण संस्थांचे महासंघ पदाधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण घेतात. त्यांना पत्र लिहिताना वार्षिक सर्वसाधारण सभांच्या हंगामाचा विचार करावा. त्या काळात पदाधिकारी हिशेब आणि लेखापरीक्षण यांत गुंतलेले असतात.

४.२.३ क्षेत्राकडून विषयाकडे

‘मानीव अभिहस्तांतरण : कायदा व कार्यपद्धती’ हे पुस्तकातील प्रकरणाचे शीर्षक झाले. ते क्षेत्राचे नाव आहे, बोलण्याचा विषय नव्हे. ज्याला ही संज्ञा माहीत नाही, त्याला ती आपली वाटणार नाही. आता हा प्रश्न पाहा : ‘तुमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन कोणाच्या नावावर आहे?’ हा प्रश्न ऐकणारा मनातल्या मनात उत्तर शोधू लागतो आणि उत्तर सापडत नाही म्हणून पुढे ऐकतो.

विषय योग्य आहे की नाही, याची एक कसोटी आहे. कार्यक्रम ऐकल्यावर सल्लागाराची मदत न घेताही श्रोत्याला एखादी गोष्ट करता आली पाहिजे. आपल्या उदाहरणात ती गोष्ट म्हणजे इमारतीची मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा काढून त्यावर नाव कोणाचे आहे ते पाहणे. हे काम भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येते.

अनेक सल्लागारांना येथे भीती वाटते की ज्ञान फुकट दिले तर काम कोण देईल. पण तपासणी आणि काम यांत अंतर आहे. नाव कोणाचे आहे हे पाहायला पाच मिनिटे लागतात. त्यानंतर कागदपत्रे जुळवणे, प्राधिकाऱ्यापुढे सुनावणी, आदेशानंतर मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय, दस्ताची नोंदणी आणि महसुली अभिलेखात फेरफार, हा लांबचा प्रवास असतो. पहिली पायरी दाखवल्यामुळेच उरलेल्या पायऱ्यांची गरज श्रोत्याच्या लक्षात येते.

४.२.४ पहिला मसुदा आणि त्यातील दोष

सल्लागारांनी तयार केलेला पहिला मसुदा असा :

‘माननीय महोदय/महोदया,
मी मानीव अभिहस्तांतरण क्षेत्रातील एक अनुभवी व नामांकित सल्लागार असून गेली सहा वर्षे या क्षेत्रात कार्यरत आहे. आजवर मी अनेक संस्थांना समाधानकारक सेवा दिली आहे. आपला पॉडकास्ट मला अतिशय आवडतो. आपल्या लोकप्रिय व्यासपीठावर मला माझे विचार मांडण्याची संधी मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन. मी कोणत्याही विषयावर व कोणत्याही वेळी बोलू शकते. सोबत माझा परिचय व सेवांचे माहितीपत्रक जोडले आहे. कळावे.’

या पत्रात व्याकरणाचा दोष नाही. नम्रताही आहे. तरीही ते नाकारले जाण्याची शक्यता मोठी आहे. ‘महोदय/महोदया’ या संबोधनावरून हेच पत्र अनेकांना गेले असावे, हे कळते. ‘पॉडकास्ट अतिशय आवडतो’ हे वाक्य एकही भाग न ऐकता लिहिता येते. ‘अनुभवी’, ‘नामांकित’, ‘समाधानकारक’ ही विशेषणे लेखिकेनेच स्वतःला दिली आहेत. त्यांतील एकही तपासून पाहता येत नाही. ‘कोणत्याही विषयावर’ या शब्दांनी विषय शोधण्याचे काम सूत्रसंचालकावर टाकले आहे. सेवांच्या माहितीपत्रकामुळे तर तो सावधच होतो.

कोणत्याही सूत्रसंचालकाच्या मनात अनोळखी पाहुण्याविषयी दोन शंका असतात. या व्यक्तीला नीट बोलता येईल का? आणि ही व्यक्ती माझ्या कार्यक्रमात स्वतःची जाहिरात तर करणार नाही ना? वरील मसुदा पहिल्या शंकेचे निरसन करत नाही आणि दुसरी शंका बळकट करतो.

४.२.५ सुधारित मसुदा

विषय : जमीन कोणाच्या नावावर? – निवृत्त सदनिकाधारकांसाठी एका भागाचा प्रस्ताव

‘श्री. … यांस, सप्रेम नमस्कार.
घराच्या मृत्युपत्रावरील आपला भाग ऐकला. वारसाला सदनिका कशी द्यावी, हे त्यात उत्तम उलगडले आहे. त्यापुढचा एक प्रश्न मनात आला. इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल, तर त्या वारसासमोर पुनर्विकासाच्या वेळी काय वाढून ठेवलेले असते?
या प्रश्नावर एक भाग करता येईल, असे वाटते. त्यात तीन गोष्टी सांगता येतील. जमिनीवर नाव कोणाचे आहे, ते घरबसल्या कसे पाहावे. नाव बिल्डरचे निघाले, तर सोसायटीने सभेत कोणता ठराव करावा. बिल्डर सापडत नसेल किंवा सही देत नसेल, तर डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग कसा चालतो आणि तो कोठे अडतो.
गेल्या सहा वर्षांत मी चाळीस सोसायट्यांचे हेच एक काम केले आहे. माझ्या बोलण्याची कल्पना यावी, म्हणून तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण सोबत पाठवत आहे. कार्यक्रमात मी सेवांविषयी बोलणार नाही. श्रोत्यांसाठी एक पानाची तपासणी यादी मात्र विनामूल्य देईन.
हा विषय आपल्या श्रोत्यांना उपयोगी वाटल्यास कळवावे, ही विनंती.’

या मसुद्याचा आरंभ सूत्रसंचालकाच्याच कामापासून होतो. त्याने मांडलेल्या विषयाला पुढचा दुवा जोडला आहे, त्यामुळे भाग खरोखर ऐकला असल्याचा पुरावा आपोआप मिळतो. लेखिकेचा परिचय तिसऱ्या परिच्छेदात, एका वाक्यात येतो आणि त्यात विशेषण नाही, संख्या आहे. ध्वनिमुद्रणामुळे पहिली शंका दूर होते. ‘सेवांविषयी बोलणार नाही’ या आश्वासनाने दुसरी शंका दूर होते. ते आश्वासन अर्थातच पाळायचे असते.

भाषेकडेही लक्ष द्यावे. पहिल्या मसुद्यात ‘मानीव अभिहस्तांतरण’ आहे, दुसऱ्यात ‘डीम्ड कन्व्हेयन्स’. शासकीय मराठीत पहिली संज्ञा अचूक आहे आणि आदेशात तीच वापरली जाईल. परंतु संस्थेच्या सभेत सभासद दुसरीच वापरतात. ‘विकासक’ऐवजी ‘बिल्डर’ आणि ‘संस्था’ऐवजी ‘सोसायटी’ हे बदलही त्याच कारणाने केले आहेत. प्रस्तावपत्रातील शब्द श्रोत्याच्या तोंडचे असावेत. पारिभाषिक संज्ञा प्रत्यक्ष बोलताना एकदा सांगावी, म्हणजे पुढे शासकीय कागद हाती आल्यावर श्रोता गोंधळत नाही.

वेबिनारच्या आयोजकासाठी हेच पत्र थोडे बदलेल. तेथे सत्राचा कालावधी, त्यातील प्रश्नोत्तरांचा वाटा आणि पडद्यावर दाखवायची कागदपत्रे यांचा उल्लेख करावा. एका तासाच्या सत्रात पस्तीस मिनिटे विवेचन आणि पंचवीस मिनिटे प्रश्न, अशी विभागणी या विषयाला मानवते, कारण प्रत्येक संस्थेची कागदपत्रे वेगळी असतात.

४.२.६ पत्रानंतरचे टप्पे

आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर एकच स्मरणपत्र पाठवावे. ‘माझ्या पत्राचे काय झाले’ असे न विचारता त्यात एखादी नवी उपयुक्त गोष्ट द्यावी. उदाहरणार्थ, तयार झालेली तपासणी यादी. त्यानंतर थांबावे.

होकार आल्यावर सूत्रसंचालकाला तीन गोष्टी लेखी द्याव्यात : तृतीयपुरुषी दोन वाक्यांचा परिचय, पाच-सहा संभाव्य प्रश्न आणि श्रोत्यांनी जायचे एकच ठिकाण. तिसऱ्या बाबीत बहुधा चूक होते. पॉडकास्टचा श्रोता चालत असतो किंवा गाडी चालवत असतो. त्याला संकेतस्थळ, ईमेल आणि दूरध्वनी असे तीन पत्ते सांगितले, तर एकही लक्षात राहत नाही. एकच पत्ता सांगावा, तो उच्चारायला सोपा असावा आणि भागाच्या लेखी वर्णनात टाकण्याची विनंती करावी. पॉडकास्टचा भाग वर्षानुवर्षे ऐकला जातो. म्हणून शुल्क, नियम, मुदती सांगताना ‘ध्वनिमुद्रणाच्या वेळी’ असे स्पष्ट म्हणावे.

प्रतिसाद मोजण्यासाठी वही पुरते. संपर्क करणाऱ्या प्रत्येकाला ‘आमच्याविषयी कोठे ऐकलेत?’ हे विचारून नोंद करावी. मात्र निष्कर्षाची घाई करू नये. संस्थेचा निर्णय समितीच्या बैठकीतून सर्वसाधारण सभेपर्यंत जातो. त्यामुळे तीन-चार महिने वाट पाहणे आवश्यक असते.

नोंदींवरून चूक कोठे झाली, ते ओळखता येते. दहा पत्रांना एकही उत्तर नसेल, तर दोष पत्रात किंवा कार्यक्रमाच्या निवडीत आहे. उत्तरे येतात पण नकार मिळतो, तेव्हा विषयाचा पुनर्विचार करावा. भाग प्रसिद्ध झाला, लोकांनी वाखाणला, पण कोणी संपर्क केला नाही, तर बहुधा पत्ता सांगण्यात चूक झाली आहे किंवा श्रोत्याला करायची पहिली कृतीच दिली गेली नाही. संपर्क पुष्कळ आले पण भाडेकरूंचे किंवा परराज्यांतील लोकांचे, तर पत्र उत्तम होते, कार्यक्रम मात्र चुकीचा निवडला गेला.

४.२.७ मर्यादा

काही व्यवसायांना स्वतःची प्रसिद्धी करण्यावर बंधने आहेत. भारतीय वकील परिषदेच्या नियमांतील नियम ३६ नुसार वकिलांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने काम मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. सनदी लेखापालांवरही अशी व्यावसायिक बंधने आहेत. आपल्या उदाहरणातील सल्लागार वकील नाहीत. त्या वकील असत्या, तर हे पत्र पाठवण्यापूर्वी त्यांना या नियमाचा विचार करावा लागला असता.

दुसरी मर्यादा वैयक्तिक प्रकरणाची. वेबिनारमध्ये एखादा सभासद आपल्या संस्थेचा वाद मांडून ‘आता आम्ही काय करावे?’ असे विचारतो. कागदपत्रे न पाहता दिलेले उत्तर त्या संस्थेला महागात पडू शकते. अशा वेळी उत्तर कोणत्या कागदावर अवलंबून आहे, एवढेच सांगावे.

तिसरी मर्यादा नोंदणी यादीची. वेबिनारला आलेल्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक आयोजकाने एका ठरावीक हेतूसाठी घेतलेले असतात. सल्लागाराने ती यादी मागू नये. इच्छुकांनी स्वतःहून संपर्क साधावा, अशी व्यवस्था असावी. पाहुण्याकडूनच पैसे मागणारे कार्यक्रमही असतात. तेथे ती जाहिरात असते आणि श्रोत्याला तसे सांगितले जाते की नाही, हे होकार देण्यापूर्वी विचारावे.

४.३ सारांश

प्रस्तावपत्रात लेखक आणि सूत्रसंचालक यांच्याखेरीज श्रोता हा तिसरा पक्ष असतो. पत्राचा विषय, शब्द आणि पुरावे त्याच्या दृष्टीने ठरतात. श्रोत्यांच्या संख्येपेक्षा निर्णय घेणारा माणूस तेथे ऐकतो का, हे निवडीत महत्त्वाचे असते. क्षेत्राच्या नावाऐवजी श्रोत्याचा प्रश्न मांडावा आणि त्याला स्वतः करता येईल अशी एक कृती द्यावी. सूत्रसंचालकाच्या दोन शंकांचे निरसन पत्रातच व्हावे. प्रतिसादाची नोंद ठेवल्यास कोणता टप्पा दुरुस्त करायचा, ते कळते.

४.४ शब्दार्थ

अभिहस्तांतरण : मालमत्तेची मालकी दस्ताद्वारे दुसऱ्याच्या नावे करून देणे.
मानीव : कायद्याने झाले असे मानलेले.
अभिनिर्णय : दस्तावर किती मुद्रांक शुल्क लागेल, याविषयी अधिकाऱ्याने दिलेला निर्णय.
मिळकत पत्रिका : नगर भूमापन झालेल्या भागातील जमिनीचा अधिकृत अभिलेख.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘प्रस्तावपत्र हा तीन पक्षांमधला व्यवहार आहे’, हे विधान स्पष्ट करा.
२. पहिल्या मसुद्यातील कोणतेही तीन दोष सांगून सुधारित मसुद्यात ते कसे दूर झाले आहेत, ते दाखवा.
३. एका सल्लागाराचा भाग प्रसिद्ध झाला, पण चार महिन्यांत एकही संपर्क आला नाही. कोणत्या दोन गोष्टी प्रथम तपासाल?

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एका विशेष विषयाच्या व्यावसायिकाची भेट घ्या. उदाहरणार्थ, माती परीक्षण करणारे, श्रवणयंत्रे बसवणारे किंवा जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणारे. त्यांच्या क्षेत्रातून श्रोत्याचा एक प्रश्न तयार करा. एका मराठी पॉडकास्टचे तीन भाग ऐका, चार टिपणे करा आणि सुमारे दीडशे शब्दांचे प्रस्तावपत्र लिहा. ते त्या व्यावसायिकाला वाचून दाखवा. त्यांना न पटलेले विधान कोणते आणि का, याची नोंद पत्राखाली करा.